थॅलेसेमियाचे बाळ जन्मतः ठणठणीत का असते?

मुंबईत आता बहुतेक गरोदर स्त्रियांना पहिल्या तिमाहीत रक्ताची जी तपासणी सांगितली जाते, तीत ‘एचपीएलसी’ नावाची एक चाचणी असते. तिच्या अहवालात हिमोग्लोबिनचे तीन प्रकार टक्केवारीसह छापलेले असतात: ए, ए-टू आणि एफ. डॉक्टरांची नजर प्रथम ए-टूवर जाते, कारण तो आकडा साडेतीन-चार टक्क्यांच्या वर असला तर ती व्यक्ती बीटा थॅलेसेमियाची वाहक असण्याची दाट शक्यता असते. उल्हासनगर किंवा मुलुंडसारख्या, सिंधी आणि पंजाबी वस्ती मोठी असलेल्या भागांत हा आकडा काळजीपूर्वक पाहिला जातो, कारण या समाजांमध्ये वाहकांचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त आहे. तिसरा आकडा, म्हणजे एफ, मोठ्या माणसाच्या अहवालात बहुधा एक टक्क्याच्या आतबाहेर असतो आणि त्याकडे सहसा कोणी पाहत नाही. हा लेख त्या दुर्लक्षित आकड्याविषयी आहे, कारण एक धडधाकट जनुक शरीर गप्प कसे करते हे त्याच्याइतके स्वच्छ दुसरे कशातच दिसत नाही.

आई आणि वडील दोघेही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता अशी असते की, हिमोग्लोबिनची एक साखळी बनवणाऱ्या बीटा जनुकाच्या दोन्ही प्रती बाळाला सदोष मिळतील. असे बाळ जन्मतः मात्र अगदी नेहमीसारखे असते: रंग चांगला, वजन चांगले, दूध ओढणे चांगले. चौथ्या-सहाव्या महिन्याच्या सुमारास ते फिके पडू लागते, किरकिर करते, पोट फुगते, आणि मग थॅलेसेमिया मेजरचे निदान होते. ‘इतके दिवस तर बरे होते, मग आताच असे काय झाले,’ हा पालकांचा प्रश्न स्वाभाविक आहे, आणि त्याचे उत्तर असे की, बिघाड पहिल्या दिवसापासून होताच. पण तो झाकून ठेवणारे दुसरे जनुक या महिन्यांत बंद झाले.

ते दुसरे जनुक म्हणजे गॅमा ग्लोबिन. हिमोग्लोबिनचा रेणू चार साखळ्यांचा असतो. मोठ्यांच्या हिमोग्लोबिन ए-मध्ये दोन अल्फा आणि दोन बीटा साखळ्या असतात, तर गर्भाच्या हिमोग्लोबिन एफमध्ये बीटाच्या जागी दोन गॅमा असतात. गॅमा असलेले हिमोग्लोबिन प्राणवायू अधिक घट्ट धरते आणि त्यामुळे गर्भाला वारेतून आईच्या रक्तातला प्राणवायू ओढून घेता येतो. अकराव्या गुणसूत्रावर ही जनुके एका ओळीत आहेत: आधी एप्सिलॉन, मग गॅमाच्या दोन प्रती, मग डेल्टा आणि शेवटी बीटा. गर्भाच्या वाढीच्या क्रमाने त्यांची पाळी येते हा योगायोग मोठा देखणा आहे. जन्माच्या वेळी रक्तात एफचा वाटा साधारण साठ ते ऐंशी टक्के असतो, आणि पुढच्या सहा ते बारा महिन्यांत तो एक-दोन टक्क्यांवर येतो. या बदलाचे घड्याळ जन्माच्या क्षणावर लावलेले नसते. अपुऱ्या दिवसांच्या बाळातही बदल गर्भधारणेपासूनच्या वयानुसारच होतो.

आता मुद्द्याचा प्रश्न असा की, गॅमाची दोन्ही जनुके मोठ्या माणसाच्या प्रत्येक पेशीत शाबूत असतात, त्यांतील अक्षरांचा क्रम जसाच्या तसा असतो, मग ती वाचली का जात नाहीत? अक्षरे न बदलता वाचन थांबवण्याच्या अशा व्यवस्थेलाच एपिजेनेटिक नियंत्रण म्हणतात. तिचे दोन मुख्य हात आहेत. एक डीएनएवरच खूण करतो, दुसरा डीएनए ज्यावर गुंडाळलेला असतो त्या प्रथिनांवर.

आधी गुंडाळ्याकडे पाहू. एका पेशीतला डीएनए सरळ केला तर तो सुमारे दोन मीटर भरेल, आणि तो मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाएवढ्या केंद्रकात मावायचा असतो. त्यासाठी तो हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळला जातो. आठ हिस्टोनांचे एक रीळ आणि त्याभोवती डीएनएची सुमारे १४७ अक्षरे, म्हणजे जेमतेम पावणेदोन वेढे, असे एकेक एकक असते आणि त्याला न्यूक्लिओसोम म्हणतात. हिस्टोनांची शेपटे रिळाबाहेर लोंबत असतात आणि त्यांत लायसिन हे धन विद्युतभाराचे अमिनो आम्ल जागोजागी असते. डीएनए ऋणभारित असल्यामुळे शेपटे त्याला बिलगतात आणि गुंडाळी आवळलेली राहते. लायसिनवर अॅसिटिल गट चिकटवला की त्याचा धनभार नाहीसा होतो, बिलगणे सैल होते आणि जनुक वाचणाऱ्या यंत्रणेला आत शिरायला वाट मिळते. शिवाय हा अॅसिटिल गट ओळखून त्याला धरणारी प्रथिने आहेत. ती वाचनाची सामग्री तिथे ओढून आणतात. अॅसिटिल गट चिकटवणारी एन्झाइमे वेगळी, काढणारी वेगळी. काढणाऱ्यांना डीअॅसिटिलेज म्हणतात. १९६४ मध्ये व्हिन्सेंट ऑलफ्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिस्टोनांवरच्या अॅसिटिल गटाचा जनुकवाचनाशी संबंध असावा असे मांडले. ते पक्के कसे घडते हे कळायला मात्र १९९६ साल उजाडावे लागले, कारण ही एन्झाइमे नेमकी कोणती हे तेव्हा हाती लागले.

अॅसिटिल खुणांबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे की, त्या टिकाऊ नसतात. त्यांतल्या कित्येक काही मिनिटांत ते तासांत लागतात आणि निघतात. मुंबईतल्या दुकानाच्या शटरशी त्यांची तुलना करता येईल: शटर दिवसातून दहा वेळा वरखाली होऊ शकते, आणि खाली ओढलेले शटर म्हणजे दुकान कायमचे बंद झाले असे नव्हे.

दुसरी खूण सीलसारखी आहे. डीएनएच्या सी या अक्षरावर, आणि तेही त्याच्या लगेच पुढे जी हे अक्षर आले असेल तर, एक मेथिल गट चिकटवला जातो. माणसाच्या जनुकसंचात अशा सी-जी जोड्या सुमारे २ कोटी ८० लाख आहेत आणि त्यांपैकी सत्तर-ऐंशी टक्क्यांवर मेथिल असतो. ज्या जनुकाच्या आरंभाजवळच्या भागात, म्हणजे प्रवर्तकात, मेथिल गटांची दाटी होते ते जनुक सहसा वाचले जात नाही. शटर आणि सील यांत फरक असा आहे की, सीलची नक्कल होते. पेशी दुभंगताना डीएनएचे दोन धागे वेगळे होतात आणि प्रत्येकाच्या जोडीला नवा धागा विणला जातो. जुन्या धाग्यावर मेथिल असतो, नव्यावर नसतो. डीएनएमटी-१ नावाचे एन्झाइम, यूएचआरएफ-१ या प्रथिनाच्या मदतीने, ही अर्धवट खूण असलेली जागा ओळखते आणि नव्या धाग्यावरही मेथिल चिकटवते. सी-जीच्या समोर उलट दिशेने पुन्हा सी-जीच येते म्हणून ही नक्कल शक्य होते. त्यामुळे एकदा बंद झालेले जनुक पेशीच्या शेकडो पिढ्यांत बंदच राहू शकते. अॅसिटिल खुणांची अशी सरळ नक्कल होत नाही.

शटर आणि सील या दोन वेगळ्या यंत्रणा असल्या तरी त्या एकमेकींना बोलावतात, हे १९९८ मध्ये उघड झाले. मेथिल लागलेल्या डीएनएला धरणारे एमईसीपी-२ हे प्रथिन आपल्याबरोबर डीअॅसिटिलेज घेऊन येते, असे दोन गटांनी त्या वर्षी दाखवले. म्हणजे इथे मेथिल खूण स्वतः फारसे काही करत नाही. ती वाचणाऱ्याला बोलावते, तो अॅसिटिल काढणाऱ्याला आणतो, आणि शेपटे पुन्हा डीएनएला बिलगतात. दुकानाच्या उपमेत हे बसत नाही, कारण खरे सील शटर ओढायला माणूस पाठवत नाही. इथे उपमा सोडून देणे बरे.

गॅमा जनुकाच्या बाबतीत हा क्रम आता बराचसा स्पष्ट झाला आहे. सूत्रधार आहे बीसीएल-११-ए नावाचे प्रथिन. त्याचे महत्त्व अनुवांशिक सर्वेक्षणांमधून पुढे आले: ज्यांच्या रक्तात मोठेपणीही एफ थोडे जास्त असते अशा लोकांचे जनुकसंच तपासताना संशोधकांना वारंवार बीसीएल-११-एच्या परिसरातले फरक सापडले. २००८ मध्ये विजय शंकरन, स्टुअर्ट ऑर्किन आणि सहकाऱ्यांनी दाखवले की, हे प्रथिन कमी केले तर प्रौढ लालपेशींच्या पूर्वज पेशी पुन्हा गॅमा बनवू लागतात. ते गॅमाच्या प्रवर्तकात, वाचनारंभाच्या साधारण ११५ अक्षरे आधी, एका ठरावीक क्रमावर बसते. तेथे बसल्यावर ते ‘न्यूआरडी’ नावाचा प्रथिनांचा मोठा संघ गोळा करते. या संघात दोन डीअॅसिटिलेज आहेत, न्यूक्लिओसोम सरकवणारे यंत्र आहे, आणि मेथिल ओळखणारे एमबीडी-२ हे प्रथिनही आहे. एकाच संघात अॅसिटिल काढणारे आणि मेथिल वाचणारे दोघेही असल्यामुळे दोन खुणांची सांगड घालायला वेगळ्या व्यवस्थेची गरज पडत नाही. प्रवर्तकावरचे अॅसिटिल निघतात, रीळ वाटेत येऊन बसते, आणि दूरवरचा शक्तिशाली नियंत्रक भाग, जो आधी गॅमाला जोर देत होता, तो आता बीटाला देतो.

या जागेचे महत्त्व निसर्गाने आपणहून सिद्ध केले आहे. काही कुटुंबांत नेमक्या त्या ११५ च्या आसपासच्या एखाद्या अक्षरात बदल असतो, बीसीएल-११-एला तिथे नीट बसता येत नाही, आणि त्या लोकांत एफ आयुष्यभर लक्षणीय प्रमाणात राहते. या लोकांना कसलाही आजार नसतो. म्हणजे मोठेपणी गॅमा चालू राहिले तर शरीराचे काही बिघडत नाही. ते बंद पडणे अत्यावश्यक आहे असे मानायला आधार नाही.

थॅलेसेमियात गॅमा चालू असणे मात्र फार मोलाचे असते. बीटा साखळ्या बनत नसल्या की अल्फा साखळ्या जोडीदाराविना उरतात, गोळा होतात, आणि लालपेशी पुरती तयार होण्याआधीच अस्थिमज्जेत नष्ट होते. गॅमा साखळ्या उपलब्ध असल्या तर त्या उरलेल्या अल्फांशी जोडी जमवतात. नवजात बाळ ठणठणीत असते ते या जोडीमुळेच. तेव्हा संशोधकांनी साहजिकच विचार केला की, खुणा पुसून गॅमा पुन्हा जागे करता येईल का.

पहिला प्रयत्न मेथिलवर झाला. ५-अॅझासायटिडीन हे औषध सी अक्षराची नक्कल करून नव्या डीएनएत शिरते. डीएनएमटी-१ तिथे मेथिल लावायला येते आणि अडकून पडते. पेशीत मग एन्झाइमचा तुटवडा होतो आणि पुढच्या प्रत्येक विभाजनात नव्या धाग्यांवर मेथिल लागत नाही. खुणा कोणी खरवडून काढत नाही. नक्कल थांबल्यामुळे त्या विरळ होत जातात. म्हणूनच हे औषध फक्त दुभंगणाऱ्या पेशींत चालते. बबून माकडांवरील प्रयोगांत एफ वाढल्याचे दिसल्यानंतर १९८२ मध्ये तीव्र बीटा थॅलेसेमियाच्या एका रुग्णाला सात दिवस हे औषध देण्यात आले. त्याच्या मज्जेत गॅमाची निर्मिती सुमारे सातपट वाढली, आणि गॅमा जनुकाजवळच्या डीएनएवरचे मेथिल कमी झाल्याचेही आढळले.

मेथिल कमी झाला हे कळते कसे, याचे आजचे उत्तर सांगितल्याशिवाय पुढे जाणे योग्य नाही. डीएनएवर बायसल्फाइटची प्रक्रिया केली की साध्या सीचे रूप बदलते आणि वाचताना तो टी म्हणून येतो. मेथिल लागलेला सी मात्र सीच राहतो. एक काल्पनिक तुकडा घेऊ:

```
मूळ क्रम            ATCGTTCAGCGA
मेथिल असल्यास       ATCGTTTAGCGA
मेथिल नसल्यास       ATTGTTTAGTGA
```

मधला सी, ज्याच्या पुढे जी नसून ए आहे, तो दोन्ही ओळींत टी झाला आहे, कारण तिथे मेथिल नव्हताच. प्रक्रिया नीट झाली की नाही याची ती अंतर्गत खातरजमा असते. तोच सी जर सीच राहिला तर प्रक्रिया अपुरी झाली असे समजून निकाल बाद करावा, नाहीतर जिथे मेथिल नाही तिथेही तो असल्याचा भास होतो. एका जागेचे वीस तुकडे वाचले आणि अठरांत सी आला, तर तिथे मेथिल नव्वद टक्के आहे असे म्हणतात. नमुन्यात पेशींचे प्रकार मिसळलेले असतील तर ही टक्केवारी फसवते, कारण पांढऱ्या पेशींत गॅमावरचे मेथिल नेहमीच भरपूर असतात. त्या पन्नास टक्के मिसळल्या की लालपेशींच्या पूर्वजांतला बदल अर्धाच दिसतो.

१९८२ च्या निकालानंतर वाद सुरू झाला, आणि तो मला या सगळ्या कहाणीतला सर्वांत उद्बोधक भाग वाटतो. अॅझासायटिडीन पेशींना विषारीही आहे. काही जणांनी शंका काढली की मेथिल जाण्यामुळे नव्हे, तर मज्जेतल्या पेशी मेल्यावर घाईघाईने नव्या तयार होतात आणि अशा घाईत एफ वाढते म्हणून हा परिणाम दिसत असावा. ती शंका तपासण्यासाठी मेथिलशी संबंध नसलेले, पण पेशीविभाजन रोखणारे हायड्रॉक्सियुरिया हे औषध दिले गेले, आणि त्यानेही एफ वाढले. लालपेशी कोयत्यासारख्या वाकतात त्या सिकलसेल आजारात आज जगभर जे औषध वापरले जाते ते अशा रीतीने एका आक्षेपातून आले. गॅमाच्या प्रवर्तकाभोवती सी-जी जोड्या मोजक्या सहाच आहेत, तेव्हा मेथिल हे गप्प होण्याचे मूळ कारण की गप्प झाल्यावर पडलेली मोहोर, हा प्रश्न तेव्हाही रास्त होता. पुढे एमबीडी-२ काढून टाकल्यावर गॅमा वाढते हे दिसले, त्यावरून मेथिलची खूण निष्क्रिय नाही हे ठरले. पण सुरुवात ती करत नाही, बंद झालेले बंद ठेवते, असे मानणे अधिक योग्य दिसते.

दुसरा प्रयत्न अॅसिटिलवर झाला आणि त्याची सुरुवात एका निरीक्षणातून झाली. मधुमेही मातांच्या बाळांत गॅमाकडून बीटाकडे होणारा बदल उशिरा होतो, असे सुझन पेरिन यांनी १९८५ मध्ये नोंदवले, आणि त्या बाळांच्या रक्तात ब्युटिरेटच्या कुळातले एक आम्ल वाढलेले असते. ब्युटिरेट डीअॅसिटिलेजना अडवते, त्यामुळे अॅसिटिल टिकून राहतात. १९९३ मध्ये काही रुग्णांना ते शिरेतून दिल्यावर गॅमा वाढले. नंतरच्या अभ्यासांत निकाल डळमळले. सतत दिल्यास परिणाम ओसरतो आणि थांबून थांबून दिल्यास बरा टिकतो, असे दिसले. हे वाचून आमच्या दादरच्या घरी एका नातेवाइकांनी विचारले होते की, तुपातही ब्युटिरिक आम्ल असते, मग मुलाला तूप वाढवावे का? दुधाच्या स्निग्धांशात ते तीन-चार टक्के असते हे खरे, परंतु आतड्याच्या पेशी आणि यकृत ते इतक्या वेगाने जाळतात की मज्जेपर्यंत पुरेसे पोहोचत नाही. शिरेतून तासन्तास द्यावे लागत होते ते त्यामुळेच. तूप वरणभातावर घ्यावे, त्यावर हे ओझे नको.

दोन खुणा मिळून काम करतात याचा सर्वांत नेटका पुरावा मात्र कोंबड्यांतून आला. १९८४ मध्ये गॉर्डन गिंडर आणि सहकाऱ्यांनी प्रौढ कोंबड्यांत गर्भावस्थेतले एक ग्लोबिन जनुक जागवण्याचा प्रयत्न केला. नुसते ब्युटिरेट देऊन जनुक हलले नाही. अॅझासायटिडीनने मेथिल उतरवले, तेव्हा थोडीशीच हालचाल झाली. आधी अॅझासायटिडीन आणि मग ब्युटिरेट असा क्रम ठेवल्यावर वाचन कित्येक पटींनी वाढले. मेथिल असेपर्यंत अॅसिटिल वाढवून फायदा नाही, आणि मेथिल गेला तरी डीअॅसिटिलेज जागेवर असेल तर जनुक पूर्ण उघडत नाही, असा त्याचा अर्थ होतो.

या औषधांची मोठी अडचण अशी की, ती गॅमा ओळखत नाहीत. डीएनएमटी-१ अडकले तर ते संपूर्ण जनुकसंचासाठी अडकते, आणि डीअॅसिटिलेज अडले तर हजारो जनुकांचे अॅसिटिल बदलते. म्हणून अलीकडे मोर्चा खुणांकडून सूत्रधाराकडे वळला. रुग्णाच्या मूळ रक्तपेशी बाहेर काढून क्रिस्पर या डीएनए कापणाऱ्या तंत्राने बीसीएल-११-एचा तो नियंत्रक तुकडा कापतात, जो फक्त लालपेशींच्या वंशात ते जनुक चालू ठेवतो. बाकीच्या पेशींत बीसीएल-११-ए लागते म्हणून ते अख्खे जनुक बाद करत नाहीत. सूत्रधार नसल्यामुळे न्यूआरडी येत नाही, अॅसिटिल राहतात, गॅमा वाचले जाते. ‘कॅसजेव्ही’ नावाच्या या उपचाराला २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटनने आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेने सिकलसेलसाठी मान्यता दिली. थॅलेसेमियासाठी अमेरिकेची मान्यता २०२४ च्या जानेवारीत आली. पेशी परत देण्याआधी रुग्णाची जुनी मज्जा तीव्र औषधाने रिकामी करावी लागते, आणि अमेरिकेत एका उपचाराची किंमत वीस लाख डॉलरच्या वर आहे. मुंबईतल्या बहुतेक थॅलेसेमियाग्रस्त मुलांसाठी त्यामुळे आजही दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवणे, साचलेले लोह उतरवणारे औषध घेणे, आणि भावंडाची मज्जा जुळल्यास प्रत्यारोपण, हाच मार्ग आहे.

शेवटी पुन्हा त्या अहवालातल्या एफच्या रकान्याकडे. नंदुरबारमधून किंवा गडचिरोली आणि विदर्भाच्या इतर भागांतून उपचारांसाठी मुंबईला येणाऱ्या सिकलसेल रुग्णांच्या एचपीएलसीत एफ बऱ्याचदा दहा-पंधरा टक्के किंवा त्याहून अधिक दिसते, तर आफ्रिकी वंशाच्या अनेक रुग्णांत ते यापेक्षा बरेच कमी असते. बीटा जनुकातला दोष दोघांतही तोच, एकाच अक्षराचा. भारतातल्या या रुग्णांत ते सदोष बीटा जनुक ज्या गुणसूत्रपट्ट्यावर आहे, त्यावर गॅमाच्या एका प्रतीपुढे, वाचनारंभाच्या १५८ अक्षरे आधी, सीच्या जागी टी असतो, आणि अशा पट्ट्यावरचे गॅमा तितकेसे गप्प होत नाही. लालपेशीत जितके एफ अधिक, तितकी सिकल हिमोग्लोबिनची कांडी जमायला अडचण होते, आणि त्या पेशीचा कोयता होण्याची शक्यता कमी असते.